लाल चौकट: एटीएम तक्रार अर्जांवरच्या कार्ड नंबरची तपासणी, प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आजपासून एटीएम तक्रार अर्जांचं काम माझ्याकडे. बँक सहकारी, शाखा बऱ्याच, बॅक ऑफिस एकच. ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झाले पण मशीनमधून नोटा आल्या नाहीत, की तो शाखेत येऊन कागदी अर्ज भरतो. शाखा अर्ज स्कॅन करून आमच्याकडे पाठवते. इथे डाटा एंट्रीच्या ताई तो पडद्यावर बघून टाकतात, चेकर तपासतो, आणि मग केस पुढे जाते.

अडचण कार्ड नंबरची आहे. सोळा अंकांत एक जरी चुकला तरी ते आज कळत नाही. अर्ज चेकरकडे जातो, तिथून रात्रीच्या बॅचमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी 'कार्ड सापडलं नाही' म्हणून परत येतो. मग कागद शोधा, शाखेला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत करायचे असतात. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. पाचातले दोन दिवस एका चुकलेल्या अंकापायी जातात.

साहेबांचं म्हणणं, 'टाकतानाच कळलं पाहिजे.' बरोबर आहे. आणि त्यासाठी डेटाबेसला विचारायचीही गरज नाही, कारण कार्ड नंबरचा शेवटचा अंक नेमका याच कामासाठी असतो.

४ जून, मंगळवार

लोकसभेचा निकाल. कँटीनमधला टीव्ही दिवसभर चालू, त्यामुळे कोडिंग शून्य. कागदावर मात्र गणित मांडून घेतलं.

या पद्धतीला लून चेक म्हणतात. आमच्या मजल्यावर सगळे 'लुहान' म्हणतात, चालायचंच. हान्स पीटर लून हा आयबीएममधला इंजिनिअर. त्याने १९५४ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९६० साली पेटंट मिळालं. ते हातात धरायच्या एका यांत्रिक उपकरणाचं होतं. त्याआधी हा गृहस्थ कापड व्यवसायात होता आणि कापडातले धागे मोजायचं साधनही त्याने काढलं होतं. मोजदाद हा त्याचा स्वभावच असावा.

नोंदवहीत खरा कार्ड नंबर लिहायचा नाही, म्हणून एक खोटा तयार केला: 9999 0437 2519 4488. इथून पुढे सगळी उदाहरणं यावरच.

कृती अशी. उजवीकडचा शेवटचा अंक तसाच ठेवायचा. त्याच्या डावीकडचा दुप्पट करायचा, त्यापुढचा तसाच, त्यापुढचा दुप्पट, असं एकाआड एक. दुप्पट करून नऊच्या वर गेला तर त्यातून नऊ वजा करायचे. सगळ्यांची बेरीज दहाने निःशेष भागली गेली की नंबर ठीक, पडद्यावरची चौकट हिरवी. नाही तर लाल.

```
नंबर   9 9 9 9  0 4 3 7  2 5 1 9  4 4 8 8
बदलून  9 9 9 9  0 4 6 7  4 5 2 9  8 4 7 8
बेरीज  100
```

शेवटचा ८ बँकेने निवडलेला नाही. आधीच्या पंधरा अंकांची बेरीज ९२ येते, म्हणून तो ८च असावा लागतो.

६ जून, गुरुवार

कोड लिहिला. एवढासाच आहे, तरी पहिल्यांदा चुकवला.

```python
def luhn(s):
    total = 0
    for i, ch in enumerate(reversed(s)):
        d = int(ch)
        if i % 2 == 1:
            d *= 2
            if d > 9:
                d -= 9
        total += d
    return total % 10 == 0
```

आधी मी `reversed` न घालता डावीकडून सुरुवात केली होती आणि पहिला अंक दुप्पट करत होतो. सोळा अंकी नंबरला दोन्हीकडून तेच अंक दुप्पट होतात, त्यामुळे सगळं हिरवं. आमच्या बँकेची कार्डं सोळा अंकीच, तेव्हा ही चूक कधी बाहेरही आली नसती. पण हाच पडदा क्रेडिट कार्डाचं बिल खात्यातून वळतं करण्याच्या अर्जालाही वापरायचा आहे, आणि तिथे दुसऱ्यांची पंधरा अंकी कार्डंही येतात. अमेरिकन एक्सप्रेसचा सगळ्यांना माहीत असलेला चाचणी नंबर 378282246310005 टाकला. डावीकडून बेरीज ४८ आली, उजवीकडून ६०. उजवीकडून मोजायचं म्हणजे उजवीकडूनच.

अंकांची संख्या वेगळी तपासायची. लून चेकला लांबीशी देणंघेणं नाही. नंबरच्या सुरुवातीला शून्य लावलं तर बेरीज तीच राहते. सोळा शून्यंही मजेत पास होतात.

१० जून, सोमवार

आज कोड बंद ठेवून ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. चुका कशा होतात ते बघायचं होतं.

स्कॅन अस्पष्ट असला की एक ताई वाचतात, दुसऱ्या टाकतात. वाचायची पद्धत जोड्यांची: 'नव्याण्णव, नव्याण्णव, शून्य चार, सदतीस, पंचवीस, एकोणीस, चव्वेचाळीस, अठ्ठ्याऐंशी.' आता गंमत बघा. 'पंचवीस' कानावर पडतो तेव्हा आधी पाच येतो, मग वीस. 'सदतीस'मध्ये आधी सात, मग तीस. बोटं कानामागे धावतात, 5 आधी पडतो आणि 25चा 52 होतो. मराठीतून आकडे सांगायचे तर ही उलटापालट होणारच. इंग्रजीत 'टू फाइव्ह' म्हणणाऱ्याला हा ताप नाही.

लूनची पद्धत नेमकी इथे कामाची आहे. नुसती बेरीज घेतली असती तर 25 आणि 52 सारखेच. एकाआड एक दुप्पट केल्यामुळे जागा बदलली की बेरीज बदलते. आमच्या नंबरमध्ये 25 या जोडीची किंमत ४ + ५ = ९. तिथे 52 आले तर ५ची दुप्पट १०, त्यातून ९ गेले, राहिला १. अधिक २, म्हणजे ३. एकूण ९४. लाल.

हे प्रत्येक जोडीला लागू होतं का? दुप्पट केल्यावर अंक स्वतःपासून किती सरकतो ते मांडून पाहिलं.

```
अंक     0  1  2  3  4  5  6  7  8  9
बदलून   0  2  4  6  8  1  3  5  7  9
फरक     0  1  2  3  4 -4 -3 -2 -1  0
```

दुसऱ्या ओळीत शून्य ते नऊ हे सगळे अंक एकेकदाच येतात. म्हणून कुठल्याही जागी एकच अंक चुकला तर बेरीज दहाच्या पटीत राहूच शकत नाही. एका अंकाची चूक शंभर टक्के पकडली जाते. तिसरी ओळ उलटापालटीची. दोन अंकांचे फरक वेगळे असले की अदलाबदल पकडली जाते. ओळीत सारखे फरक फक्त ० आणि ९ यांचे. (४ आणि -४ सारखे वाटतात, पण दहाच्या हिशेबात -४ म्हणजे ६.) तेव्हा शेजारचे 09 आणि 90 एवढीच अदलाबदल निसटते. बाकी सगळ्या सापडतात, मग पंचवीस असो की सदतीस.

ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे नव्वदला सांभाळायचं.' एका वाक्यात आटोपलं.

१३ जून, गुरुवार

आज देवनागरी अंकांचा दिवस. दोन वेगळ्या भानगडी निघाल्या.

पहिली कागदावरची. बरेच ग्राहक नंबर देवनागरीत लिहितात. ४ घाईत इंग्रजी 8सारखा दिसतो, १ची शेपटी लांबली की इंग्रजी 9 वाटतो. एक ४ चुकला तर लाल होणार हे नक्की. पण ज्याला कळलंच नाही की अर्ज देवनागरीत आहे, तो सगळेच ४ 8 म्हणून टाकणार. मग काय?

मोजून पाहिलं. दुप्पट न होणाऱ्या जागी 4चा 8 झाला की बेरीज ४ने वाढते. दुप्पट होणाऱ्या जागी ८च्या जागी ७ येतात, म्हणजे १ने घटते. आमच्या नंबरमध्ये तीन 4 आहेत: शून्यानंतरचा (+४), तेराव्या जागेवरचा (−१) आणि चौदाव्या जागेवरचा (+४). एकूण १०७, लाल. वाढ-घट मिळून दहाच्या पटीत येण्यासाठी निदान पाच 4 चुकावे लागतात, उदाहरणार्थ पाचही दुप्पट न होणाऱ्या जागी. चारपर्यंत सुटका नाही. हे मी कुठे वाचलं नव्हतं, स्वतः करून बघितलं, त्यामुळे जरा बरं वाटलं.

दुसरी भानगड कोडमधली, आणि ती माझी. ग्राहकाचं नाव मराठीत टाकायचं असतं. कीबोर्ड मराठीवरच राहिला की पुढच्या चौकटीत नंबरही देवनागरी उमटतो. मला वाटलं होतं, अंक नाहीत म्हणून तपासणी तो अडवेल. पण पायथनला `int('४')` म्हणजे 4 हे नीट कळतं, आणि `'४'.isdigit()` यालाही तो होच म्हणतो. त्यामुळे चौकट हिरवी, चेकर खूश, आणि रात्रीची बॅच तोंडावर आपटली, कारण कोअर बँकिंगला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या बँकेच्या मुख्य प्रणालीला, ४ ओळखता येत नाही. लून चेक बरोबरच होता. चुकली होती ती पुढे पाठवायची अक्षरं.

आता चौकटीतून बाहेर पडताना आधी हे होतं आणि मगच तपासणी:

```python
s = "".join(str(int(c)) for c in s if c.isdecimal())
```

मधल्या मोकळ्या जागा आणि रेघाही यातच गळतात.

१८ जून, मंगळवार

चाचणी सुरू. नंबर चुकला की चौकट लाल होते आणि 'सेव्ह' बंद.

दुपारीच मागणी आली, 'चूक कळते तर बरोबर नंबरही दाखवा ना.' चेकर साहेबांची. वाजवी वाटते, पण होत नाही, आणि का ते त्यांच्या टेबलावरच कागद घेऊन दाखवलं.

25च्या जागी 52 पडलेला नंबर घ्या, बेरीज ९४. शेवटचा 8 काढून 4 टाकला तर ९०, हिरवा. सहाव्या जागेवरच्या 4चा 0 केला तरी ९०, हिरवा. सोळाही जागांवर असा एकेक अंक सापडतो जो टाकला की बेरीज जुळते. म्हणजे सोळा 'बरोबर' नंबर. आणि या सोळांत खरा नंबर नाहीच, कारण मुळात दोन अंक हललेले आहेत. चूक आहे एवढंच लून चेक सांगतो. कुठे आहे ते त्याला माहीत नसतं.

साहेबांना पटलं. पण त्यांच्यामागे नवीन रुजू झालेला मुलगा उभा होता आणि त्याला भलतंच पटलं. चार वाजता लक्षात आलं की त्याचे अर्ज कुणापेक्षाही भराभर हिरवे होतायत. लाल आलं की तो शेवटचा अंक 0पासून 9पर्यंत फिरवत होता. दहातला एक लागणारच. त्याला वाटलं, हे पासवर्डसारखं काहीतरी आहे. रागावण्यात अर्थ नव्हता. मी चौकटच तशी करून ठेवली होती.

बदल केला. लाल झालं की पूर्ण नंबर पुसला जातो आणि कागद बघून पुन्हा पहिल्यापासून टाकायचा. दुसऱ्यांदाही लाल आलं तर अर्ज आपोआप 'शाखेकडे परत' या रांगेत जातो, कारण दोनदा तीच चूक म्हणजे बहुधा ग्राहकानेच अर्जावर चुकीचा लिहिलाय. प्रयत्न किती झाले ते नोंदतो. चुकलेला नंबर मात्र लॉगमध्ये लिहीत नाही. एका अंकाने चुकलेला कार्ड नंबर म्हणजे जवळजवळ कार्ड नंबरच.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. निम्मा मजला सुट्टीवर, म्हणून एका शाखेने एक्सेलमध्ये एकत्र पाठवलेली वीस तक्रारींची यादी मीच चढवायला घेतली.

वीसपैकी अठरा लाल. आधी माझ्याच कोडवर संशय गेला. मग लाल नंबर एकाखाली एक बघितले तर सगळे 0ने संपणारे. दोन हिरवे होते, तेही 0ने संपणारे.

एक्सेल आकडा पंधरा अंकांपर्यंतच अचूक ठेवतं. सोळा अंकी नंबर साध्या कॉलममध्ये टाकला की सोळावा अंक शून्य होतो, आणि वर 9.99904E+15 असं काहीतरी दिसतं. आमचा नमुना 9999 0437 2519 4480 होतो, बेरीज ९२. जे दोन हिरवे आले त्यांचा खरा शेवटचा अंकच शून्य होता. फाईल सेव्ह झाल्यावर कॉलम 'टेक्स्ट' केला तरी गेलेला अंक परत येत नाही.

इथे मोह झाला, लिहून ठेवतो. हरवलेला अंक नेमका तपासणीचा आहे. पहिल्या पंधरांवरून तो काढता येतो: ९२ला १०० करायला ८. दोन ओळींच्या कोडमध्ये वीसही नंबर दुरुस्त झाले असते. पण मग तपासायला काय उरलं? पंधरांत कुठे चूक असेल तर मी तिच्यावर तिला शोभेल असा शेवटचा अंक बसवून दिला असता आणि चौकट हिरवीगार झाली असती. हे त्या मुलाने केलं तेच, फक्त जरा सफाईने.

शाखेला फोन करून स्कॅन मागवले. कार्ड नंबर ईमेलने एक्सेलमध्ये पाठवू नका, हेही सांगितलं. 'वर्षानुवर्षं पाठवतोय,' असं उत्तर आलं.

२५ जून, मंगळवार

ज्याची वाट बघत होतो ते घडलं. चौकट हिरवी, नंबर चुकीचा. तो कोअर बँकिंगपर्यंत गेला आणि 'सापडला नाही' म्हणून परत आला.

नंबर इथे लिहीत नाही, पण नमुन्यावर तसंच घडवून दाखवता येतं. स्कॅनच्या उजव्या कोपऱ्यावर शिक्का बसला होता. ताईंनी शाखेत फोन लावला. तिकडचे काका म्हणाले, 'डबल चार, डबल आठ.' लाईन खरखरत होती आणि ताईंनी ऐकलं 'डबल सात, डबल आठ.' चार आणि सात, मधला 'आ' तेवढा ऐकू येतो.

9999 0437 2519 7788. बेरीज पुन्हा १००.

44ची किंमत ८ + ४ = १२. 77ची ५ + ७ = १२. तसंच 22 आणि 55, 33 आणि 66. या तीन जोड्यांत दोन्ही अंक एकदमच बदलले तर लून चेकला कळत नाही. सुटे अंक टाकताना असं घडणं विरळा. पण आपण फोनवर 'डबल' म्हणतो, आणि त्या एका शब्दामुळे एक ऐकण्यातली चूक दोन अंकांवर एकदम पडते. १० जूनला मी ०९-९०वर समाधान मानलं होतं. नुसतं टाकणाऱ्यांकडे बघितलं, ऐकणाऱ्यांकडे नाही.

हे शोधताना आणखी एक भोक दिसलं. जोडीने वाचताना दोन जोड्याच पुढेमागे झाल्या, 'सदतीस, पंचवीस'चं 'पंचवीस, सदतीस' झालं, तर प्रत्येक अंक दोन घरं सरकतो. दुप्पट होणारा दुप्पटच राहतो, न होणारा तसाच. बेरीज हलत नाही, कुठलेही अंक असोत.

२८ जून, शुक्रवार

उपाय अर्जातच होता. तक्रारीसोबत एटीएमची पावती जोडलेली असते आणि तिच्यावर कार्डाचे शेवटचे चार अंक छापलेले असतात. ते छापील असल्याने अक्षराचा प्रश्न नाही, फोनचाही नाही.

आता पडद्यावर पावतीचे चार अंक आधी टाकायचे. ती चौकट मग झाकली जाते आणि त्यानंतर पूर्ण नंबर. शेवटचे चार जुळले नाहीत तर लाल, लून चेक काहीही म्हणो. पहिले सहा अंक आमच्या बँकेच्या ठरलेल्या यादीतले आहेत का, तेही बघतो. नमुना 9999ने सुरू होतो म्हणून चाचणीपुरता यादीत घुसवला. 7788 लाल झाला.

उरतात सातव्यापासून बाराव्यापर्यंतचे सहा अंक, म्हणजे नमुन्यातले 37 25 19. तिथे जोड्या पुढेमागे झाल्या तर अजूनही कोअर बँकिंगच सांगेल, आणि तिथे नंबर योगायोगाने दुसऱ्याचा निघाला तर चेकरने अर्जावरचं नाव पडद्यावरच्या नावाशी ताडायचं. ते साहेबांकडून लेखी घेतलं.

पावती नसलेल्या अर्जांचं काय, हे ताईंनी विचारलं. काही ग्राहकांची पावती मशीनमधून येतच नाही, तीच तर तक्रार असते. अशा अर्जांना सध्या नंबर दोनदा टाकायला लावतोय, दुसऱ्यांदा दुसऱ्या ताईंनी. फोनवर विचारायचं तर एकेक अंक सुटा, 'डबल' म्हणायचं नाही. तशी चिठ्ठी ताईंनी फोनवर चिकटवलीये: 'चार चार म्हणा.'

सोमवारी, १ जुलैला, सगळ्या शाखांसाठी चालू.